पुराच्या खुणा, एक नकाशा आणि जागा चुकलेला अनुस्वार

सर, मी पंचवटीत राहते. गोदावरीच्या पुराच्या खुणांवर मी व्हिडिओ केला होता, तो ६ जुलैला टाकला. १९ ऑगस्टला नाशिकच्याच दुसऱ्या एका चॅनेलवर त्याच विषयाचा व्हिडिओ आला. त्यात माझा हाताने काढलेला नकाशा आहे आणि माझी वाक्यंसुद्धा. रागाच्या भरात खालची पोस्ट लिहिली, अजून टाकलेली नाही. टाकू का? काय बदलू? दोन्ही व्हिडिओ पाठवले आहेत.

"चोर ओळखा! या चॅनेलने माझी सहा महिन्यांची मेहनत जशीच्या तशी उचलली. विषय माझा, स्क्रिप्ट माझी, नकाशा माझा. याला स्वतःचं काही सुचत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. याआधीही अनेकांचं ढापलंय. मी कायदेशीर कारवाई करणार आहेच. नाशिककरांनो, त्याच्या चॅनेलवर जाऊन रिपोर्ट करा आणि ही पोस्ट पसरवा!"

*

ताई, आज टाकू नका. मात्र एक काम आज रात्रीच करा: पुरावा जपून ठेवा. पोस्ट वाचल्यावर समोरचा माणूस सगळ्यात आधी आपला व्हिडिओ बदलतो. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओचा मधला तुकडा कापता येतो किंवा धूसर करता येतो. लिंक तीच राहते, तारीखही तीच राहते. उद्या तुमचा नकाशा तिथून गेला, तर तुम्ही खोटं बोलताय असं लोकांना वाटेल. म्हणून त्यांचा व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून स्क्रीन रेकॉर्ड करा. त्यात चॅनेलचं नाव, प्रसिद्धीची तारीख, खालचं डिस्क्रिप्शन आणि लिंक दिसली पाहिजे. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण त्यात आधी-नंतरचा संदर्भ नसतो. तुमच्या बाजूने नकाशाचा मूळ कागद, त्याचा मोबाइलवर काढलेला पहिला फोटो, आणि तो कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवला असेल तर तो संदेश जसाच्या तसा राहू द्या. फोटो क्रॉप करू नका, चॅट साफ करू नका.

आता पोस्टकडे येतो. मी दोन्ही व्हिडिओ तीनदा पाहिले. वहीत पानाच्या मधोमध रेघ मारली, डावीकडे तुमच्या व्हिडिओतली गोष्ट आणि मिनिट-सेकंद, उजवीकडे त्यांचं. वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना लागलेली ही सवय आहे, आणि अशा प्रत्येक भांडणात पोस्ट लिहिण्याआधी मी तीच वापरतो. पान भरलं की बहुतेक वेळा तक्रार अर्ध्याहून लहान होते. तुमचीही झाली. ती का झाली ते नीट सांगतो, कारण नवी पोस्ट त्यावरच उभी राहणार आहे.

तुम्ही दोघांनीही २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांचा उल्लेख केला आहे. ते पूर सगळ्या नाशिकने पाहिले, ती माहिती कुणाच्याच मालकीची नाही. दोघांनीही नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पाण्याची उंची मोजली. अहो, पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, हे आपल्या गावात पोरंसोरंही बोलतात आणि दर पावसाळ्यात वर्तमानपत्रंही छापतात. दोघांनीही होळकर पुलापासून सुरुवात करून रामकुंड, मारुती, नारोशंकराची घंटा आणि शेवटी गाडगे महाराज पूल असा क्रम घेतला. हा क्रम तुम्हाला तुमचा वाटतो, पण तो नदीचा आहे. वरून खाली चालत येणाऱ्या कुणालाही तो त्याच ओळीत भेटेल. पाणी चढलं की सराफ बाजारात धावपळ उडते, हाही सगळ्यांचा अनुभव.

म्हणजे "विषय माझा" हे वाक्य गेलं. ते पोस्टमध्ये राहिलं तर वाचणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडेल की पूर यांच्या एकटीचा कसा, आणि मग तुमचा खरा मुद्दा तो ऐकणारच नाही. कायद्याचंही हेच म्हणणं आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कल्पना, विषय, कथासूत्र किंवा ऐतिहासिक तथ्य यांवर कॉपीराइट नसतो. कॉपीराइट असतो तो त्यांची जी विशिष्ट मांडणी तुम्ही केली, तिच्यावर. तिथे तक्रार एका नाटककाराची होती आणि चित्रपटाचा विषय नाटकाशी जुळत होता, तरीही हाताळणी वेगळी म्हणून निकाल त्याच्या विरोधात गेला.

आता वाक्यं. जवळपास सारखी अशी सात वाक्यं मला सापडली. त्यांतली तीन इतकी साधी आहेत की त्या जागी कुणीही तेच बोलेल ("मुसळधार पावसामुळे गंगापूर धरणातून विसर्ग वाढवण्यात आला" ही तर बातमीची भाषा झाली). चौथं वाक्य तुमच्या व्हिडिओत घाटावरचे आजोबा बोलतात. ते त्यांचं आहे, आणि दुसऱ्या माणसालाही ते कदाचित त्याच आजोबांनी ऐकवलं असेल. उरली तीन. त्यांतलं एक इथे ठेवतो, म्हणजे फरक लक्षात येईल. तुम्ही म्हणता: "पुराची उंची फुटांत नाही, मारुतीच्या अंगावर मोजणारं हे गाव आहे." ते म्हणतात: "पुराची उंची फुटांत नव्हे, मारुतीच्या अंगावर मोजणारं हे शहर." मारुतीवरून उंची मोजणं सगळ्यांचं, पण हे वाक्य तुमचं आहे. दोन शब्द बदलले, एक गाळला, वाक्याची चाल तशीच राहिली. उरलेल्या दोन वाक्यांचंही तसंच.

आणि नकाशा. तुमच्या व्हिडिओत तो २ मिनिटं १० सेकंदांपासून २१ सेकंद दिसतो, त्यांच्यात ४ मिनिटं ५ सेकंदांपासून १९ सेकंद. त्यांनी तो संगणकावर नव्याने रेखला आहे. नदी निळ्याऐवजी मातकट आहे आणि तुमच्या हस्ताक्षराच्या जागी टाइप केलेली अक्षरं आहेत. नदीचं वळण जुळतं, पण त्याला मी पुरावा मानत नाही. खऱ्या नकाशावरून काढणाऱ्या कुणाचंही वळण जुळणारच. मात्र तुम्ही मारुती पुलाहून मोठा काढलाय. ती तुमची निवड होती, आणि त्यांच्याही नकाशात तो तसाच मोठा आहे. त्याहून बोलकी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. घाईत तुम्ही "नारोशंकर" ऐवजी "नारोशकंर" लिहिलंय, अनुस्वार एक अक्षर पुढे गेलाय. त्यांच्या टाइप केलेल्या नकाशातही "नारोशकंर" असंच आहे.

नकलेचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच. बरोबर गोष्टी दोघांच्या जुळल्या तर दोघांनीही खरं तेच मांडलं, एवढंच सिद्ध होतं. चूक मात्र अशी सहज जुळत नाही. नकाशे छापणारे लोक पूर्वी नकाशात मुद्दाम एखादी न असलेली गल्ली घालून ठेवत, ती याचसाठी.

पण इथे थांबा आणि स्वतःलाच एक प्रश्न विचारा: ही चूक माझ्याकडे कुठून आली? घाटावरच्या एखाद्या पाटीवर तसंच चुकीचं लिहिलेलं असेल आणि तुम्ही तिथून उतरवलं असेल, तर त्यांनीही तिथूनच उतरवलं असेल. मग तुमचा बळकट पुरावा एका क्षणात गेला. उद्या सकाळी घाटावर जाऊन पाट्या बघून या. त्या तीन वाक्यांचंही तसंच तपासा. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर, जुने लेख, पावसाळ्यातल्या बातम्या हे सगळं आपल्या वाचनात असतं आणि आपल्याही नकळत लिहिण्यात उतरतं. दोघांचा झरा एकच असेल तर आरोप उभाच राहत नाही.

हे मी इतकं ताणून सांगतोय, त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या वर्तमानपत्रात होतो, तिथे एका छायाचित्रकाराने तक्रार आणली की रंगपंचमीच्या रहाडीचा, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदाचा, त्याचा फोटो दुसऱ्याने स्वतःच्या नावावर छापून आणला. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर रहाडीत उडी घेणारा पोरगा तोच, उडालेलं पाणी तसंच, कोपऱ्यातली वाड्याची तुळईसुद्धा तीच. मी मथळ्यात "चोरी" हा शब्द घातला. दुसऱ्या दिवशी तो दुसरा माणूस निगेटिव्हची पट्टी घेऊन आला. दोघे एकाच वाड्याच्या गॅलरीत खांद्याला खांदा लावून उभे होते आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं होतं. पोराचा हात एका फोटोत कानाजवळ होता, दुसऱ्यात दोन बोटं वर. छापण्याआधी मी भिंग लावून पाहिलं असतं तर ते दिसलं असतं. आम्ही खुलासा छापला, आतल्या पानावर, चार ओळींचा. त्या सीझनला त्या दुसऱ्या माणसाच्या हातून लग्नाच्या फोटोंच्या दोन ऑर्डरी गेल्या होत्या, त्या काही परत आल्या नाहीत. तो मथळा माझ्या हातचा होता आणि त्याचं वाईट मला आजही वाटतं.

समजा, तुमची तपासणी झाली, पाट्यांवर शब्द बरोबर निघाला आणि वाक्यंही तुमचीच ठरली. आता तक्रार एवढीच उरली: एक नकाशा, १९ सेकंद, तीन वाक्यं. तुम्हाला वाटेल, एवढंसंच? पण हे एवढंसं कुणालाही खोडता येणार नाही. "सगळं उचललं" म्हणालात, तर त्यांनी स्वतः केलेली एक मुलाखत दाखवायचा अवकाश, तुमचं म्हणणं पडलं. आणि तशी मुलाखत त्यांच्या व्हिडिओत आहे, सातव्या मिनिटाला, सराफ बाजारातल्या दुकानदाराची.

पोस्टच्या आधी एक खासगी संदेश पाठवा. तो टाळून थेट चव्हाट्यावर आलेली भांडणं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांत समोरचा माणूस चूक कबूल करायला तयार असला तरी चारचौघांत कबूल करत नाही. दुसरं असं की हल्ली अशा चॅनेलचे व्हिडिओ चॅनेलवालाच एडिट करतो असं नाही. एडिटिंग कुणा मुलाला दिलेलं असतं, ग्राफिक दुसऱ्याला. नकाशा त्या मुलाने कुठून आणला याची चॅनेलवाल्याला खबरही नसते. म्हणून संदेशात "तुम्ही घेतलात" असं लिहू नका, "तुमच्या व्हिडिओत आला आहे" असं लिहा. त्यात नरमाई काही नाही. तुम्हाला जेवढं ठाऊक आहे, तेवढंच तुम्ही लिहिताय. संदेश साधारण असा:

"नमस्कार. १९ ऑगस्टच्या तुमच्या पुराच्या व्हिडिओत ४:०५ ते ४:२४ या वेळात जो नकाशा दिसतो, तो माझ्या ६ जुलैच्या व्हिडिओतल्या (२:१० ते २:३१) हाताने काढलेल्या नकाशाशी जुळतो. मारुतीचा आकार, नावांच्या जागा आणि 'नारोशकंर' ही माझ्याकडून झालेली चूकही त्यात आहे. निवेदनातली तीन वाक्यंही जुळतात, ती दोन्हीकडच्या वेळांसह सोबत जोडली आहेत. नकाशा तुमच्याकडे कुठून आला, हे मला समजून घ्यायचं आहे. तो माझ्या व्हिडिओवरून केला असेल, तर डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये माझ्या व्हिडिओचा उल्लेख व लिंक द्यावी, किंवा नकाशाचा भाग काढावा. दोन्हींपैकी जे तुम्हाला सोयीचं असेल ते चालेल. माझी काही चूक होत असेल तर तेही सांगा. शुक्रवार संध्याकाळपर्यंत उत्तर मिळालं तर बरं होईल. माझा नंबर खाली देत आहे."

यात मागणी काय केली आहे ते पाहा. "नकाशा बदला" असं मी लिहिलेलं नाही, कारण यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओत नवं चित्र बसवता येत नाही. तुकडा कापता येतो, धूसर करता येतो, नाहीतर अख्खा व्हिडिओ काढून पुन्हा चढवावा लागतो आणि आधीचे व्ह्यूज जातात. जे करणं अशक्यच आहे ते मागितलं, की माणूस उत्तर द्यायचंच टाळतो. डिस्क्रिप्शनची पहिली ओळ मात्र मुद्दाम मागायची, कारण त्याखालच्या ओळी "आणखी" वर बोट ठेवल्याशिवाय दिसत नाहीत. मुदत चार-पाच दिवसांची ठेवा. चोवीस तासांची मुदत धमकीसारखी लागते आणि महिन्याभराने तो विषय कुणाच्या लक्षातही राहत नाही.

शुक्रवार उलटला आणि उत्तर आलं नाही, तर पोस्ट टाका. तिचं नवं रूप खाली देतो, पण त्याआधी तुमच्या मसुद्यातल्या एकेका शब्दाबद्दल बोलू.

"चोर" आणि "उचलली" हे शब्द गेले. हे शब्द समोरच्याच्या मनात काय होतं याबद्दल बोलतात, आणि ते तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही दोन नकाशे पाहिले आहेत. "जुळतो", "दिसतो", "आढळला" ही क्रियापदं वापरा, वाचणारा पुढचा निष्कर्ष स्वतःच काढतो आणि स्वतः काढलेला निष्कर्ष त्याला जास्त पटतो. "जशीच्या तशी" खोटं आहे, रंग आणि अक्षरं बदललेली आहेत. "सहा महिन्यांची मेहनत" खरी असेल, पण ती तुमच्या कष्टाबद्दल सांगते, जुळणीबद्दल काहीच सांगत नाही. तिच्या जागी तारीख घाला. "याला काही सुचत नाही" हे तर माणसाच्या अंगावर जाणं झालं, ते काढाच.

"याआधीही अनेकांचं ढापलंय" हे तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे. ते अनेक कोण? त्यांनी तुम्हाला पुरावे दिले आहेत का? नाव घ्यायची परवानगी दिली आहे का? नसेल, तर तुमची खरी तक्रारसुद्धा या एका ऐकीव वाक्यापायी संशयात येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामी हा गुन्हा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. "पण मी खरंच बोलले" एवढ्यावर सुटका होत नाही. ते खरं आहे आणि जनहितासाठी सांगितलं, अशा दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात.

"कायदेशीर कारवाई करणार आहेच" हे वाक्य बहुतेक जण जोर यावा म्हणून लिहितात. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये कलम ६० आहे, ते फारसं कुणाला माहीत नसतं. उल्लंघन झालेलं नसताना कुणाला खटल्याची धमकी दिली, मग ती पत्रकातून, जाहिरातीतून किंवा आणखी कुठल्याही मार्गाने असो, तर ज्याला धमकी दिली तो उलटा तुमच्यावर दावा लावू शकतो, मनाई हुकूम आणि भरपाई मागू शकतो. वकिलाशी बोलून खरंच दावा लावायचा ठरवला असेल तर तो लावा, पण पोस्टमध्ये त्याची भीती दाखवू नका.

"रिपोर्ट करा" आणि "पसरवा" यांचं एवढंच सांगतो, की शंभर अनोळखी माणसं त्या चॅनेलखाली शिव्या घालायला लागली की तुमचा नकाशा बाजूला राहतो आणि तो माणूस पीडित ठरतो. शिवाय कॉपीराइटची तक्रार मूळ हक्कदारानेच करायची असते. शंभर जणांनी बटण दाबल्याने ती मजबूत होत नाही.

नाव घ्यायचं की नाही, यावर माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. "एका चॅनेलने" असं मोघम लिहिणं सभ्य वाटतं, पण नाशिकवर व्हिडिओ करणारे लोक मोजके आहेत. लोक अंदाज बांधतात आणि एखाद्या भलत्याच मुलाच्या डोक्यावर ते खापर फुटतं. म्हणून व्हिडिओचं शीर्षक आणि तारीख स्पष्ट लिहा. व्यक्तीचं नाव, फोटो, टॅग यांतलं काही घालू नका. तुमचा आक्षेप त्या १९ सेकंदांवर आहे, माणसावर नाही.

आता पोस्ट. कंसातल्या जागा तुम्ही भरा:

"६ जुलैला मी गोदावरीच्या पुराच्या खुणांवर व्हिडिओ प्रसिद्ध केला. त्यातला नकाशा मी हाताने काढला आहे. १९ ऑगस्टला (व्हिडिओचं शीर्षक) हा व्हिडिओ प्रसिद्ध झाला. त्यात ४:०५ ते ४:२४ या वेळात दिसणारा नकाशा माझ्या नकाशाशी जुळतो. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून खाली दिले आहेत. मारुती पुलाहून मोठा आहे, नावं त्याच जागी आहेत, आणि माझ्याकडून 'नारोशंकर' या शब्दात झालेली चूक दोन्हीकडे आहे. रंग आणि अक्षरं वेगळी आहेत. निवेदनातली तीन वाक्यंही जवळपास तशीच आहेत, ती दुसऱ्या चित्रात वेळेसह दिली आहेत.

पूर, दुतोंड्या मारुती किंवा घाटाचा क्रम हे विषय सगळ्यांचे आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या व्हिडिओतली सराफ बाजारातली मुलाखत त्यांची स्वतःची आहे.

मी (तारीख) ला त्यांना संदेश पाठवला, अजून उत्तर आलेलं नाही. नकाशा कुठून आला हे मला माहीत नाही. माझी विनंती एवढीच, की श्रेय आणि लिंक द्यावी किंवा तो भाग काढावा. त्यांचं म्हणणं आलं की ते याच पोस्टमध्ये वर जोडेन. कृपया कुणीही त्यांच्या चॅनेलवर जाऊन याबद्दल लिहू नये."

मुलाखतीचं वाक्य ठेवताना तुमचा हात अडेल, पण ते काढू नका. विरुद्ध जाणारी गोष्ट आपणच सांगितली, की बाकीचं म्हणणंही तपासून लिहिलं असणार असा विश्वास बसतो. "नकाशा कुठून आला हे मला माहीत नाही" हे वाक्यही तसंच. ते खरं आहे, आणि समोरच्याला "एडिटिंग करणाऱ्या मुलाने आणला, मला कल्पना नव्हती" असं म्हणून लाज न घालवता बाहेर पडायला त्यातूनच वाट मिळते. अशी वाट ठेवली की बहुतेक जण ती घेतात. वाट बंद केली, की वकील गाठतात.

त्यांचं उत्तर आलं तर पोस्ट पुसू नका. वरच्या बाजूला तारीख टाकून जोडा: "२ सप्टेंबर: त्यांनी श्रेय दिलं आहे, विषय मिटला." पोस्ट पुसली की लोकांकडचे स्क्रीनशॉट फिरत राहतात आणि मिटल्याची बातमी कुठेच पोचत नाही. उत्तरात त्यांनी "हा नकाशा मला एका ग्रुपवर मिळाला" असं सांगितलं, तर तो संदेश मागा आणि त्याची तारीख बघा. ६ जुलैच्या नंतरची असेल तर तुमचाच नकाशा फिरत फिरत तिथे पोचला आहे, आणि मग भांडायचं काही उरत नाही, श्रेय मागायचं. तारीख आधीची निघाली, तर तुम्हाला स्वतःची चूक त्याच पोस्टमध्ये, तेवढ्याच ठळकपणे लिहावी लागेल. त्याची तयारी असेल तरच पोस्ट टाका.

साफ नकार आला, तर मात्र पोस्टखाली वाद घालत बसू नका, यूट्यूबच्या कॉपीराइट अर्जाकडे जा. त्यात लगेच काढण्याऐवजी सात दिवसांची मुदत देऊन काढण्याची सोय आहे. तेवढ्यात त्यांनी स्वतः तो व्हिडिओ काढला तर त्यांना स्ट्राइक बसत नाही. मी तोच पर्याय घ्यायला सांगेन. स्ट्राइक नव्वद दिवस राहतो, आणि त्या मुदतीत तीन झाले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. १९ सेकंदांसाठी ती शिक्षा मला जास्त वाटते. त्यांनी प्रतिदावा केला तर तुम्हाला कामकाजाच्या दहा दिवसांत न्यायालयात गेल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर व्हिडिओ परत येतो. हा अर्ज रागात भरायचा नाही तो यासाठी. अर्जात नकाशा आणि ती तीन वाक्यं एवढंच लिहा.

हे सगळं तुमच्यासारख्या प्रकरणासाठी, जिथे थोडा भाग जुळतो आणि त्यामागचं कारण कळलेलं नाही. उद्या कुणी तुमचा आख्खा व्हिडिओच स्वतःच्या चॅनेलवर चढवला, तर संदेश नको, पोस्टही नको, सरळ अर्ज भरा.

घाटावरच्या पाट्या बघून झाल्या की मला कळवा, मग पोस्टमधल्या तारखा आपण एकदा मिळून तपासू. आणि एक लक्षात ठेवा: "नारोशकंर" मधला तो अनुस्वार आता दिसलाय म्हणून लगेच दुरुस्त करायला जाल. कागदावर नाही, फाइलमध्ये नाही, व्हिडिओतही नाही. विषय मिटेपर्यंत तो आहे तिथेच राहू द्या.